फोटो पुसला गेला, तर जखम शब्दांत सांगा



फडातून रानडुक्कर उठते आणि राखणीचे कुत्रे त्याच्यावर धावून जाते, हे आपल्या भागाला नवीन नाही. गेल्या हंगामात आमच्या एका सभासदाच्या मोत्याला असाच सुळा लागला. जखमेचा फोटो मोबाईलवर काढला होता, पण रक्त पाहून पोरं भेदरली म्हणून घरच्यांनी तो पुसून टाकला. फोनवर डॉक्टरांना सांगितले ते एवढेच : "जरा लागलंय, छोटंसं भोक आहे."

एवढ्यावरून काहीच कळत नाही. डॉक्टरांनी एकेक प्रश्न विचारला. जखम कुठं? उजव्या बरगडीवर, पुढच्या पायामागं चार बोटं. केवढी? रुपयाच्या नाण्याएवढी. रक्त कसं? थेंब थेंब, पण श्वासाबरोबर बुडबुडे येतात. हिरड्या कशा? पांढरट. श्वास किती? छाती वर जाऊन खाली आली की एक, असे पंधरा सेकंदांत 14 मोजले. चारने गुणले की मिनिटाला 56. निवांत पडलेल्या निरोगी कुत्र्याचा श्वास साधारण 10 ते 30 असतो.

डॉक्टर म्हणाले, "आत्ताच निघा. भोक छातीच्या पोकळीत गेलंय." सुळ्याची जखम वरून लहान आणि आतून खोल असते. हवा आत शिरली की फुप्फुस आक्रसते. श्वासाची गती आणि बुडबुडे त्या फोटोतही दिसले नसते. म्हणून फोटो असो वा नसो, जागा, माप, रक्त, हिरड्या आणि श्वास या पाच गोष्टी सांगाव्यात.

त्यांनी स्वच्छ प्लास्टिकची घडी भोकावर धरायला लावली, आणि श्वास जास्त अडखळला तर ती क्षणभर उचलायला सांगितले. कुत्रे चावेल म्हणून आपण त्याचे तोंड बांधतो, पण दम लागलेल्या कुत्र्याचे बांधू नये. जखमेत हळद, चुना किंवा फिनेल भरू नये. माणसाची दुखण्याची गोळीही देऊ नये, ती कुत्र्याला विषारी ठरू शकते.

पुढील गोष्टींत सकाळची वाट पाहू नका : छातीत किंवा पोटात भोक पडणे, आतडे बाहेर येणे, डोळा बाहेर येणे किंवा फाटणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, निवांत असतानाही धाप लागणे. रक्त चिळकांडीने उडत असेल तर जखम दाबूनच निघा. साधे वाहत असेल तर कपडा न उचलता दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. तरी थांबले नाही तर निघा. आतडे बाहेर आले असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ ओल्या कपड्यात धरून न्या.

वरवरचे खरचटले असेल, कुत्रे खातेपिते असेल आणि हिरड्या गुलाबी असतील, तर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन सकाळी दाखवले तरी चालते.

मोत्या त्याच रात्री दवाखान्यात पोचला. आता तो पुन्हा फडावर राखणीला असतो.