रेघ, काना की एक?

जुन्या छापील अहवालाचे पान स्कॅन करून त्यातला मजकूर संगणकाकडून काढून घेतला, की परिच्छेद बरेच नीट येतात आणि तक्त्यांची मात्र दैना होते. रकान्यात नुसते ‘450’ हवे, तिथे ‘| 450’ येते. ‘78’च्या पायाशी ‘78_’ अशी शेपटी लागते. रिकाम्या घरात एकटीच ‘|’ उभी असते. हा कचरा म्हणजे तक्त्याच्या चौकटीच्या रेघा. चित्रातून मजकूर ओळखणाऱ्या ओसीआर प्रणालीला काळ्या ठिपक्यांतून अक्षरेच शोधायची असतात. रकान्याची हद्द ठरवताना उभ्या रेघेचा तुकडा आत राहिला, तर ती त्यालाही जवळात जवळचे अक्षर बहाल करते. आडवी रेघ मजकुराच्या खाली असल्यामुळे तिची ‘_’ होते.

देवनागरीत घोळ आणखी वाढतो, कारण आपल्या लिपीत उभ्या रेघा मुबलक आहेत. चौकटीची रेघ कधी ‘|’ होते, कधी दंड ‘।’ होते; शब्दाला चिकटली तर तिचा काना होतो. ‘पाटील’चे ‘पाटीला’ झाले, तर शुद्धलेखन तपासनीसही ते निमूटपणे सोडून देऊ शकतो. दंडाच्या बाबतीत मराठीला थोडी सवलत आहे. हिंदीत वाक्य दंडाने संपते, आजच्या मराठी गद्यात टिंबाने. त्यामुळे मराठी तक्त्यातल्या घराच्या कडेला दंड दिसला, तर तो बहुधा रेघेचाच असतो. हिंदी तक्त्याला मात्र हा नियम लावू नये.

पहिली साफसफाई सोपी आहे: ही चिन्हे घराच्या दोन्ही कडांवरूनच काढायची, मधली नाहीत. पायथॉनमध्ये एवढे पुरते:

```python
def clean(s):
    return s.strip(" |¦│।_\t\n")
```

मधल्या चिन्हांना हात लावायचा नाही, कारण ‘A_12’ सारख्या सांकेतिक क्रमांकातली ‘_’ खरीच असते. आडव्या ‘-’ चा या यादीत मुद्दामच समावेश नाही. आपल्याकडे हिशेबात ‘काही नाही’ हे डॅश मारूनच दाखवतात. ती पुसली तर ‘रक्कम नाही’ आणि ‘रक्कम वाचता आली नाही’ यांतला फरकच जातो.

खरी जोखीम आकड्यांत आहे. समजा, एका वाचनालयाच्या खर्चाचा तक्ता आहे, आकडे इंग्रजी. ओसीआरने पुस्तकबांधणीपुढे ‘| 450’, झाडलोटीपुढे ‘|25’, टपालापुढे ‘78_’ आणि एकूणपुढे ‘653 |’ दिले. कडा साफ केल्यावर 450, 25 आणि 78 उरतात. बेरीज 553 येते, छापील एकूण मात्र 653 आहे. बरोबर शंभरचा फरक! म्हणजे ‘|25’ मधली उभी रेघ चौकटीची नव्हती, तो 125 मधला एक होता. उलटही घडते: रेघच ‘1’ म्हणून वाचली गेली, तर 450 चे 1450 होतात आणि बेरीज हजाराने फुगते. तिथे पुसायला ‘|’ दिसतच नाही, त्यामुळे वरची ओळ काहीच करू शकत नाही. फरक नेमका 10, 100 किंवा 1000 असेल, तर आधी रेघेवरच संशय घ्यावा. देवनागरी ‘१’ ला डोक्याशी गाठ असल्यामुळे तो असा सहसा फसत नाही.

बेरीज छापलेलीच नसेल, तर उंची पाहावी. बहुतेक ओसीआर प्रणाली प्रत्येक शब्दाची जागा आणि उंची पिक्सेलमध्ये देऊ शकतात. छापलेला एक शेजारच्या आकड्यांएवढाच उंच असतो. रेघेचा तुकडा रकान्याच्या वर-खाली पसरतो आणि घराच्या अगदी कडेला असतो.

पण मुळात रेघा चित्रातूनच घालवल्या, तर पुढचे बरेच काम वाचते. त्यासाठी ठरावीक लांबीपेक्षा मोठी सलग काळी पट्टी तेवढी शोधून पांढरी करतात. ही लांबी इंग्रजी तक्त्यावरून उचलली, की मराठीत घोटाळा होतो, कारण शिरोरेखाही सलग आडवी रेघच आहे. इंचाला 300 ठिपक्यांच्या स्कॅनमध्ये इंचभर लांबीच्या शब्दाची शिरोरेखा 300 पिक्सेल भरते. मर्यादा 200 ठेवली तर अशा लांब शब्दांची डोकी उडतात. ती पानावरच्या सर्वांत लांब शब्दापेक्षा मोठी हवी.

मर्यादा एवढी वाढवली, की पान सरळ असणे भाग पडते. पान एकाच अंशाने तिरके असेल, तर 2000 पिक्सेलची रेघ टोकापर्यंत सुमारे 35 पिक्सेल खाली सरकते. ती पायऱ्या-पायऱ्यांनी तुटते आणि सलग पट्टी म्हणून सापडतच नाही. म्हणून आधी पान सरळ करायचे, मग रेघा पुसायच्या.

एवढे करूनही उकार धोक्यात राहतात. दाटीवाटीच्या तक्त्यात ‘पुणे’चा उकार खालच्या रेघेला टेकलेला असतो, रेघेबरोबर तोही गेला, की ‘पणे’ उरते. अशा पानांवर रेघ पुसण्यापेक्षा तशीच ठेवून मागाहून ‘_’ काढलेली परवडते. साफ केलेला मजकूर वेगळ्या रकान्यात ठेवावा आणि मूळ वाचन शेजारी राहू द्यावे: ‘|25’ डोळ्यांसमोर असेल, तरच शंभरचा फरक कुठून आला ते शोधता येते.