टीव्ही झोपतो तेव्हा वाय-फाय कुठे जातं?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुरू झाला. मरोळहून एका मुलीचा आलाय, मिलिटरी रोडजवळ राहते. तिचं म्हणणं असं: आई रोज सकाळी साडेसहाला टीव्हीवर योगाचा लाइव्ह क्लास लावते आणि पावणेआठला कामाला निघते. टीव्ही लगेच सुरू होतो, चित्रं वगैरे दिसतात, पण इंटरनेट यायला तीन-साडेतीन मिनिटं. तोपर्यंत सूर्यनमस्कार निम्मे झालेले असतात. इंटरनेट जोडायला येतो तो माणूस म्हणाला, राउटर बदला. शेजारचे काका म्हणाले, बिल्डिंगमध्ये एवढी वाय-फाय आहेत, मग गर्दीत अडकणारच.

गर्दीचं कारण मला पटलं नाही, आणि का ते सांगतो. मरोळच्या टॉवरमध्ये वाय-फायची यादी उघडली की तीस नावं दिसतात, हे खरंच. पण गर्दीमुळे त्रास असता तर तो रात्री नऊला जास्त झाला असता, जेव्हा सगळे घरी असतात. हिला त्रास फक्त सकाळी. आणि त्याच वेळी, त्याच खोलीत, फोनवर त्याच वाय-फायवर व्हिडिओ नीट चालतो. म्हणजे राउटर जागा आहे, इंटरनेट आहे, अडकतोय तो टीव्ही.

मग मी तिला स्टॉपवॉच लावायला सांगितलं. तीन वेळा.

पहिल्यांदा टीव्ही रिमोटने बंद करून दहा मिनिटांनी सुरू केला. चार सेकंदांत यूट्यूब चालू. दुसऱ्यांदा रात्री रिमोटने बंद, सकाळी सुरू. तीन मिनिटं वीस सेकंद. तिसऱ्यांदा रात्री रिमोटने बंद केल्यावर भिंतीवरचं बटणही बंद केलं. राउटरचं बटण मात्र चालू ठेवलं, हे महत्त्वाचं. सकाळी टीव्ही लोगोपासून सुरू झाला, आणि सगळं मिळून पंचावन्न सेकंदांत व्हिडिओ लागला.

बघा हं, गंमत इथे आहे. पूर्ण मेलेला टीव्ही झोपलेल्या टीव्हीपेक्षा लवकर ऑनलाइन आला! राउटर खराब असता, सिग्नल कमी असता, तर असं झालंच नसतं.

रिमोटचं लाल बटण दाबलं की आजचा टीव्ही बंद होत नाही, झोपतो. पडदा जातो, मुख्य प्रोसेसर थांबतो, पण आधीची सगळी अवस्था मेमरीत तशीच धरून ठेवलेली असते. म्हणून तर सकाळी लोगो न दाखवता तो पटकन उठतो. वीज वाचवायची म्हणून याच झोपेत बरेच टीव्ही वाय-फायच्या चिपची वीजही तोडतात. काही लगेच तोडतात, काही थोडा वेळ थांबून गाढ झोपेत जातात. दहा मिनिटांची चाचणी पास आणि रात्रीची नापास, त्याचं कारण बहुधा हेच.

आता राउटरच्या बाजूने बघू. टीव्ही बराच वेळ गप्प आहे म्हटल्यावर राउटर त्याचं नाव यादीतून काढून टाकतो. टीव्हीला दिलेला आयपी पत्ताही ठरावीक मुदतीचा असतो, बऱ्याच घरगुती राउटरमध्ये २४ तासांचा. सकाळी टीव्ही उठतो तेव्हा त्याच्या मेमरीत रात्रीचं चित्र असतं: मी जोडलेला आहे, माझा पत्ता अमुक. तो त्याच जुन्या ओळखीवर बोलत राहतो आणि राउटर त्याला ओळख दाखवत नाही. सॉफ्टवेअर नीट लिहिलेलं असेल तर टीव्ही सेकंदात समजून घेतो आणि नव्याने जोडणी करतो. नसेल तर वाट बघतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा वाट बघतो. त्यात मिनिटं जातात. स्क्रीनवर तेव्हा कधीकधी ‘कनेक्टेड’ लिहिलेलंही असतं, पण काहीच लोड होत नाही. भिंतीवरून बंद केलेल्या टीव्हीच्या मेमरीत असं काही जुनं उरतच नाही. तो नवीन पाहुण्यासारखा येतो, पासवर्ड देतो, पत्ता घेतो, कामाला लागतो.

याला उपाय दोन, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत: एक तर झोपेतही वाय-फाय जागं ठेवा, नाहीतर टीव्हीला पूर्ण बंद होऊ द्या. मधली अर्धवट झोप नको.

जागं ठेवायची सेटिंग शोधताना लोक चुकतात, कारण तिच्या नावात बहुतेक वेळा वाय-फाय हा शब्दच नसतो. सॅमसंगमध्ये ती नेटवर्कच्या मेनूत `Power On with Mobile` नावाने असते. सोनीच्या अँड्रॉइड टीव्हीत `Remote start`. एलजीत `Quick Start+` आहे, ती टीव्हीला गाढ झोपेत जाऊ देत नाही. मेनूतली नेमकी जागा मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून सेटिंगमध्ये नेटवर्क, जनरल आणि पॉवर हे तीनही भाग बघा. एक मात्र लक्षात ठेवा: पिक्चरच्या मेनूतलं ‘एनर्जी सेव्हिंग’ हे पडद्याचा उजेड कमी करतं. ते बंद केलंत तर चित्र झगझगीत दिसेल, वाय-फायला काडीचा फरक पडणार नाही.

सेटिंग लागली की नाही, हे कसं कळणार? टीव्ही झोपलेला असताना, म्हणजे रात्री बंद करून तासाभराने, राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. टीव्हीचं नाव तिथे दिसलं तर वाय-फाय जागं आहे. या मुलीने तिच्या टीव्हीतली नेटवर्क स्टँडबायची सेटिंग चालू केली, रात्री यादीत नाव दिसलं, आणि सकाळी सहा सेकंदांत क्लास लागला. राउटरचे पैसे वाचले.

पण फुकट काही नाही. झोपेतलं वाय-फाय वीज खातं. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून टीव्हीला साध्या स्टँडबायमध्ये अर्धा वॅट आणि नेटवर्क जागं असलेल्या स्टँडबायमध्ये २ वॅट अशी मर्यादा घातली आहे. २ वॅट, दिवसाला १८ तास, महिनाभर, म्हणजे साधारण एक युनिट. युनिटला १० रुपये धरले तर अकरा रुपये. एका वडापावपेक्षा कमी! पण झटपट सुरू होण्यासाठी प्रोसेसरही अर्धा जागा ठेवणाऱ्या टीव्हीत आकडा चढतो. प्लगला लावायच्या मीटरवर १५ वॅट दिसले तर तोच हिशेब महिना ८ युनिटांवर जातो, म्हणजे ऐंशी रुपये. असा टीव्ही असेल तर मी दुसरा उपाय निवडेन: रात्री भिंतीवरचं बटण बंद, सकाळी मिनिटभर आधी सुरू. आणि आपल्याकडे बटण बंद करायची सवय असतेच, तेव्हा हे विसरू नका की बटण बंद असेल तर मेनूतली कुठलीही सेटिंग उपयोगाची नाही. टीव्ही आणि राउटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतील तर आणखी पंचाईत. मग टीव्ही उठून बसतो आणि राउटरचीच वाट बघत राहतो. दोघांना वेगवेगळं बटण द्या.

शेवटी स्टिकवाल्यांसाठी. इंटरनेटची स्टिक टीव्हीच्याच यूएसबी पोर्टवर चालवत असाल तर टीव्ही झोपला की बऱ्याचदा त्या पोर्टची वीज जाते आणि स्टिक रोज पहिल्यापासून सुरू होते. तिथे टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधाशोध करू नका. बॉक्समध्ये आलेला अडॅप्टर काढा आणि स्टिक थेट भिंतीच्या सॉकेटला लावा.