तुझ्या खिशातल्या व्हेपबद्दल

प्रिय निखिल,

धुवायच्या जीन्सच्या खिशात तुझं व्हेप सापडलं. ते तुझ्या टेबलावर ठेवलंय. हे पत्र रागवायला लिहीत नाहीये. मला जे माहीत आहे ते तुलाही माहीत असावं, एवढ्यासाठी लिहितेय.

त्यावर ‘२ मिली, ५ टक्के’ असं छापलंय. ते खरं धरलं, तर एका मिलीत ५० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण १०० मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक-दीड मिलिग्रॅम जातं. व्हेपमधलं सगळं अंगात भिनत नाही, पण सिगारेट संपली की हात थांबतो. इथे किती झुरके झाले याचा हिशेबच राहत नाही. शिवाय यात बहुतेक वेळा निकोटिनचा क्षार असतो. तो घशाला फारसा लागत नाही, त्यामुळे नवख्याला थांबवणारा ठसकाही येत नाही. सकाळी उठल्याउठल्या ते हवंसं वाटतं का? दोन-तीन तास मिळालं नाही तर चिडचिड होते का? तसं होत असेल, तर सवय लागली आहे असं समज.

आपल्याकडे २०१९ पासून व्हेपच्या विक्रीवर बंदी आहे. म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या द्रवात काय आहे, हे कुणीच तपासलेलं नसतं. अमेरिकेत त्या वर्षी आणि २०२० च्या सुरुवातीला फुप्फुसांना इजा होऊन २,८०० हून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले, ६८ जण दगावले. त्यातल्या बहुतेकांनी गांजातल्या टीएचसीचे व्हेप ओढले होते, आणि ते पातळ करायला घातलेलं ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ हे त्यामागचं मुख्य कारण ठरलं. म्हणून मित्राने ‘यात माल आहे’ म्हणत पुढे केलेलं व्हेप मला जास्त घाबरवतं.

गांजाबद्दल एक घरची गोष्टही तुला माहीत हवी. तुझ्या थोरल्या काकांना स्किझोफ्रेनिया आहे. गांजा ओढणाऱ्या प्रत्येकाला असा आजार होत नाही. पण घरात तो असेल, सुरुवात कमी वयात झाली असेल आणि माल कडक असेल, तर धोका वाढतो. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. कुणी मागे लागल्याचा भास होणं, नसलेले आवाज ऐकू येणं, असं एकदा जरी झालं तरी मला सांग.

सोडायचं ठरवलंस, तर निकोटिनचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. तलफ येते, पण बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायला आपण मिळून काहीतरी ठरवू. माझ्याशी बोलणं अवघड वाटलं, तर १४४१६ वर ‘टेलि-मानस’चे समुपदेशक मराठीत बोलतात, फुकट आणि चोवीस तास.

आणि कधी कुठे छातीत दुखलं, दम लागला, कुणी शुद्धीवर नसलं, तर रात्री कितीही वाजता फोन कर. आधी दवाखाना गाठू. काय घेतलं होतं ते डॉक्टरांना खरं सांग. उपचार त्यावरच ठरतात. घरचं बोलणं दुसऱ्या दिवशी.

तुझी,
आई