चौकोन आणि तुटलेली जोडाक्षरे

युनिकोडमधल्या मराठी फाइलमध्ये अक्षरांची चित्रे नसतात, फक्त क्रमाने लिहिलेले संकेतांक असतात. ‘स्थिती’ हा शब्द स, हलन्त चिन्ह, थ, ऱ्हस्व वेलांटी, त आणि दीर्घ वेलांटी अशा सहा संकेतांकांत साठवला जातो. त्यांना रूप देण्याचे काम फाइल उघडणाऱ्या संगणकावर होते आणि बिघाड तिथेच होतो.

संगणकावरच्या एकाही उपलब्ध फाँटमध्ये देवनागरी नसेल, तर प्रत्येक संकेतांकाच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. अक्षरे दिसतात पण जोडाक्षरे फुटतात, तेव्हा दोष वेगळा असतो. स आणि थ जोडणे, ऱ्हस्व वेलांटी उचलून जोडाक्षराच्या आधी नेणे, हे प्रोग्रॅमने फाँटमधल्या नियमांनुसार करायचे असते. जुना प्रोग्रॅम ते करत नाही. मग ‘स्‌थ’ असा पाय मोडलेला स दिसतो आणि वेलांटी थच्या मागे लटकते.

दोन्ही वेळा मजकूर बहुधा शाबूत असतो, म्हणून घाईने पुन्हा टाइप करू नये. आधी सगळा मजकूर निवडून विंडोजवर Nirmala UI, अन्यत्र Noto Sans Devanagari हा फाँट लावून पाहावा. चौकोन गेले, तर उणीव फाँटचीच होती. जोडाक्षरे तरीही तुटलेलीच राहिली, तर फाइल दुसऱ्या, नव्या प्रोग्रॅममध्ये उघडावी. चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर बहुधा युनिकोडपूर्व फाँटमधला असतो. त्याला परिवर्तकच लागतो.

पाठवणाऱ्याने वर्डमध्ये Embed fonts in the file हा पर्याय निवडावा. छपाईसाठी पीडीएफ उत्तम, मात्र त्यातून कॉपी केलेली मराठी अनेकदा विस्कटते.