दहा टक्के कशाचे? दिवाळीच्या कॅशबॅकचा हिशेब

दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आणि खरेदीच्या ॲप्सवर एकच पाटी थोड्याफार फरकाने झळकत असते: अमुक बँकेच्या कार्डावर १० टक्के कॅशबॅक. ‘१०’ चा आकडा वीतभर मोठा असतो. त्याखाली बारीक अक्षरांत ‘कमाल १,५०० रुपये, किमान खरेदी ५,००० रुपये’ असं लिहिलेलं असतं. वाचायला सुरुवात या बारीक ओळीपासून करावी, कारण तुमच्या हातात किती पैसे येणार हे तीच सांगते.

कमाल मर्यादेला टक्क्याने भागलं की ऑफर कुठे संपते ते कळतं. दीड हजार हे दहा टक्के असतील तर पूर्ण रक्कम १५,००० रुपये. म्हणजे पंधरा हजारांपर्यंतच्या खरेदीवर खरोखर दहा टक्के मिळतात आणि पुढच्या प्रत्येक रुपयावर काहीच नाही. ३२,००० रुपयांचा फ्रिज घेतला तर परत येणारे दीड हजार हे पावणेपाच टक्क्यांपेक्षाही कमी भरतात. यात फसवणूक नाही, मर्यादा लिहिलेलीच असते. पण शेजारच्या दुकानदाराने तोच फ्रिज ३०,००० ला सरळ देऊ केला असेल, तर दहा टक्क्यांची पाटी असलेलं दुकान पाचशे रुपयांनी महाग पडतं.

आता किमान खरेदीची अट. समजा घरात ४,२०० रुपयांचा मिक्सर हवा आहे. पाच हजारांची अट गाठायला आठशेची इस्त्री जोडली, तर बिल ५,००० आणि कॅशबॅक ५००, म्हणजे खर्च ४,५००. नुसत्या मिक्सरपेक्षा तीनशे रुपये जास्त गेले आणि इस्त्री मिळाली. इस्त्री घ्यायचीच होती तर हा उत्तम व्यवहार आहे. नव्हती तर तीनशे रुपये उगाच गेले. मिक्सर फ्रिजच्याच बिलात घालून मात्र काहीच मिळत नाही, कारण फ्रिजनेच मर्यादा भरलेली असते. मर्यादा ‘प्रति कार्ड’ असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या कार्डावर वेगळं बिल करता येतं. ‘प्रति ग्राहक’ असेल तर एकाच माणसाची दोन कार्डं एकच धरली जातात. किमान रक्कम बहुधा प्रत्यक्ष भरायच्या रकमेवर मोजतात. जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये दिला, कूपन लावलं किंवा गिफ्ट कार्ड वापरलं, तर ते वजा होऊन उरलेला आकडा पाच हजारांच्या वर असावा लागतो.

खरी गुंतागुंत हप्त्यांत आहे. पुष्कळ ऑफरींत एकरकमी पैसे भरणाऱ्याला दीड हजारांची मर्यादा असते, तर हप्त्यांवर घेणाऱ्याला अडीच हजारांची. विक्रेता साहजिकच म्हणतो, “ईएमआय करा, हजार रुपये जास्त मिळतील.” तोच ३२,००० चा फ्रिज क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांच्या हप्त्यांवर, वर्षाला १६ टक्के व्याजाने घेतला असं धरू. सहा महिन्यांचं व्याज होतं सुमारे १,५२० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सुमारे २७५. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासह २३५. बेरीज २,०३० च्या घरात जाते. अडीच हजारांतून हे गेले की उरतात जेमतेम ४७०. एकरकमी भरणाऱ्याच्या खिशात मात्र पूर्ण दीड हजार राहतात.

‘नो कॉस्ट ईएमआय’ असेल तर चित्र पालटतं. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. त्यामुळे या योजनेत बँक व्याज लावतेच. तेवढी सूट कंपनी किंवा दुकानदार आधी किमतीत देतो. व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र ग्राहकाकडेच राहतं. आपल्या फ्रिजच्या बाबतीत हे दोन्ही मिळून पाचशेच्या आसपास. म्हणजे अडीच हजारांतले सुमारे दोन हजार उरतात, आणि इथे हप्ते खरोखर फायद्याचे ठरतात. फक्त दुकानदाराला एक प्रश्न आधी विचारावा: “हप्ते नको म्हटलं तर किंमत किती?” ती सूट एकरकमी गिऱ्हाइकालाही मिळत असेल, तर तुलना पुन्हा करावी लागते.

कोणती खरेदी धरली जाते, हे बँक बिलातल्या वस्तू पाहून ठरवत नाही. बँकेला दिसतो दुकानाचा चार अंकी व्यवसाय संकेतांक. सुपरमार्केट आणि किराणा दुकानांचा ५४११, औषध दुकानांचा ५९१२. म्हणून किराण्यावरच्या ऑफरमध्ये औषधाच्या दुकानातून घेतलेला साबण आणि बिस्किटं मोजली जात नाहीत. पेट्रोल, घरभाडं, विमा, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, गिफ्ट कार्ड आणि सोन्याची नाणी बहुतेक ऑफरींत वगळलेली असतात. धनत्रयोदशीला नाणं घ्यायला निघालेल्यांनी ही यादी घरीच वाचलेली बरी.

पैसे कसे भरले यानेही फरक पडतो. कार्ड ऑफर असताना त्याच बँकेच्या खात्यातून यूपीआयने पैसे दिले तर तो कार्डाचा व्यवहार होत नाही. यूपीआयची ऑफर असेल, तर काउंटरवरचा क्यूआर कोड दुकानाच्या नावाचा हवा. मालकाच्या वैयक्तिक खात्यावर गेलेले पैसे खरेदी म्हणून नोंदले जात नाहीत. दुकानातल्या स्वाइप मशीनवर काही ऑफरी आपोआप लागत नाहीत. विक्रेत्याला मशीनमध्ये ऑफर निवडावी लागते, कधी वस्तूचा अनुक्रमांकही टाकावा लागतो. लागली असेल तर चार्ज स्लिपवर कॅशबॅकची रक्कम छापून येते. ती ओळ नसेल तर तिथेच व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावं, कारण नंतर बँक हात वर करते.

वेळेच्या बाबतीत ‘झटपट सूट’ आणि ‘कॅशबॅक’ यांत मोठं अंतर आहे. झटपट सूट बिलातूनच कमी होते. कॅशबॅक अनेकदा ऑफर संपल्यावर ६० ते ९० दिवसांनी येतो, म्हणजे दिवाळीचे पैसे माघात. तोवर खातं किंवा कार्ड चालू असावं लागतं आणि बिल थकलेलं चालत नाही. वस्तू परत केली तर कॅशबॅक जातो. बिलातली एकच वस्तू परत केल्याने रक्कम किमान मर्यादेखाली आली, तर पूर्ण कॅशबॅक रद्द होऊ शकतो. वरच्या उदाहरणात इस्त्री परत केली की मिक्सरचेही पैसे गेले.

एवढ्या महिन्यांनी वाद झाला तर हातात कागद हवा. ऑफरच्या अटींचा स्क्रीनशॉट, जीएसटीचं बिल आणि चार्ज स्लिपचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. स्लिपवरची शाई काही महिन्यांत उडते. ठरलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. आणि याच काळात कोणी फोन करून “कॅशबॅक जमा करायला यूपीआय पिन टाका” म्हणालं, तर फोन ठेवून द्यावा. पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.