तीन वर्षांत वसूल, तरीही तोट्यात

मशीन घेताना कारखानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘पैसे किती वर्षांत सुटतील?’ त्याचं उत्तर म्हणजे परतफेड कालावधी. हिशेब तोंडी करता येतो, म्हणूनच त्यावर भरवसाही लवकर बसतो.

समजा, भोसरीतल्या एका जॉबवर्क शॉपकडे 20 लाख रुपये आहेत. त्यात दोन जुनी सीएनसी लेथ येतात किंवा एक नवी. जुन्या जोडीवर काम लगेच सुरू होतं, पण पुढे दुरुस्ती वाढत जाते. खर्च वजा जाता हाती येणारी रोकड पाच वर्षांत अनुक्रमे 10, 6, 4, 2 आणि 2 लाख. नव्या लेथवर ऑर्डरी हळूहळू वाढतात, तिची रोकड 5, 5, 6, 8 आणि 8 लाख. पाच वर्षांनी दोन्हींना भंगाराचीही किंमत नाही असं धरू.

जुनी जोडी बरोबर तीन वर्षांत 20 लाख परत देते, नवी लेथ साडेतीन वर्षांत. या कसोटीवर जुनी जोडी जिंकते. पण पैसा 12 टक्के व्याजाचा असेल, तर तीन वर्षांनी हाती येणारा एक लाख आजच्या सुमारे 71 हजारांइतकाच भरतो. अशा आजच्या किमतीत मोजलं, तर जुन्या जोडीची पाचही वर्षांची रोकड जेमतेम 19 लाख होते. म्हणजे ‘वसूल’ झालेलं मशीन प्रत्यक्षात एक लाखाचा खड्डा पाडतं. नव्या लेथची रोकड मात्र 22 लाखांच्या वर जाते. परतफेड कालावधी व्याज धरत नाही आणि वसुलीनंतरच्या वर्षांकडे पाहतच नाही.

मग दुसरी पद्धत, लेखांकन परतावा दर. हिच्यात पाचही वर्षं येतात. नव्या लेथची सरासरी रोकड वर्षाला 6.4 लाख. त्यातून 4 लाख घसारा वजा केला, की नफा 2.4 लाख. मशीनची वहीतली किंमत 20 लाखांवरून शून्यावर येते, म्हणून सरासरी गुंतवणूक 10 लाख आणि परतावा 24 टक्के. जुन्या जोडीचा परतावा 8 टक्के. निवड या वेळी बरोबर आली.

पण भागाकार मूळ 20 लाखांनी केला, तर तोच परतावा 12 टक्के होतो. म्हणून विक्रेत्याने टक्केवारी सांगितली, की ती कशाने भागली हे आधी विचारावं. शिवाय नव्या लेथची रोकड उलट्या क्रमाने, म्हणजे 8, 8, 6, 5, 5 अशी आली, तरी दर 24 टक्केच राहतो. आजच्या किमतीत मात्र दोन्हींत जवळपास दीड लाखाचा फरक पडतो. पैसा कधी येतो, हे या दरालाही दिसत नाही.

रोकड तंग असेल किंवा ऑर्डरींचा पुढचा भरवसा नसेल, तर परतफेड कालावधी जरूर पाहावा, कारण पैसा किती काळ अडकून राहील ते तो सांगतो. पण मशीन फायद्याचं आहे का, हे ठरवताना प्रत्येक वर्षाच्या रोकडीतून व्याज वजा करूनच बेरीज करावी.