उतार कशावर उभा राहतो?

माती तुटते ती एका थरावरून दुसरा थर सरकल्यामुळे. या सरकण्याला ती जितका विरोध करू शकते, तितकी तिची शिअर स्ट्रेंग्थ. फ्रेंच अभियंता कूलॉम याने 1773 साली या विरोधाचे दोन भाग दाखवले. पहिला संसक्ती, म्हणजे कणांची एकमेकांना धरून राहण्याची ताकद. वर भार असो वा नसो, ती तेवढीच राहते. दुसरा घर्षण. ते वरच्या भाराबरोबर वाढते आणि किती वेगाने वाढते, हे घर्षणकोन सांगतो.

कोरड्या वाळूत संसक्ती जवळपास नसते, म्हणून वाळूचा ढीग साधारण घर्षणकोनाइतक्याच उताराने थांबतो, मग तो लहान असो की मोठा. चिकणमातीत मात्र संसक्ती असल्यामुळे काही उंचीपर्यंत सरळ उभा काप टिकतो. विहीर खणताना तो पाहून खणणारे निर्धास्त होतात, आणि हाच भरवसा घातक ठरतो.

एक उदाहरण घेऊ. 30 अंशांचा डोंगरउतार, खडकावर 3 मीटर मातीचा थर, घर्षणकोन 30 अंश आणि संसक्ती 5 किलोपास्कल. एक किलोपास्कल म्हणजे चौरस मीटरवर साधारण शंभर किलो वजनाचा दाब. एक घनमीटर ओलसर मातीचे वजन 18 किलोन्यूटन धरले, तर खडकालगत मातीला खाली ओढणारा ताण 23 किलोपास्कल भरतो. त्याच जागी खडकाला काटकोनात पडणारा दाब 40 आहे. 30 अंशांच्या घर्षणाने त्यातून 23 मिळतात, त्यात संसक्तीचे 5 मिळवले की विरोध 28. विरोधाला ओढीने भागले की सुमारे 1.2 येतात. उतार टिकतो.

आता पावसाने हा थर पृष्ठभागापर्यंत भरला आणि पाणी उताराला समांतर वाहू लागले. माती जड झाली, त्यामुळे ओढ 26 वर गेली. काटकोनातला दाब 45 झाला खरा, पण त्यातले 22 कणांमधले पाणीच उचलून धरते. घर्षण लागते ते उरलेल्या 23 वरच. विरोध 18 पर्यंत घसरतो, गुणोत्तर 0.7 वर येते आणि माती सुटते. घर्षणकोन अंशभरही बदललेला नाही, संसक्तीही तेवढीच धरली आहे. पाण्याने फक्त कणांवरचा दाब काढून घेतला.

30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गेली, ती मुसळधार पावसानंतरच. उतारावर आडव्या भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, पायथ्याशी नवे झरे फुटणे किंवा जुने झरे गढूळ होणे, ही उतार सुटत असल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच खालची घरे रिकामी करावीत.

वरच्या उदाहरणात खडकावर पाणी एक मीटरच साचले, तर गुणोत्तर एकाच्या किंचित वर, म्हणजे उतार जेमतेम टिकतो. म्हणून अशा जागी निचऱ्याचे चर आणि आडवे छिद्रित पाइप घालताना पाण्याची पातळी मीटरभराच्या बरीच खाली राहील, एवढी त्यांची क्षमता ठेवावी लागते.